स्प्लीनला ग्रेड थ्री इंज्युरी, तरी ऑपरेशन नाही: सीटीतली ग्रेड काय सांगते आणि काय सांगत नाही

प्रश्न: माझा धाकटा भाऊ (वय 26) परवा रात्री बाइक घसरून पडला. सीटीच्या रिपोर्टमध्ये स्प्लीनला ग्रेड थ्री, लिव्हरला ग्रेड टू इंज्युरी आणि पोटात मध्यम प्रमाणात रक्त, असं लिहिलंय. सर्जन म्हणतात, सध्या ऑपरेशन नको, आयसीयूत ठेवून बघू. पोटात रक्त असताना नुसतं बघत कसं बसायचं? ग्रेड थ्री म्हणजे किती सिरियस? आणि घरी कधी नेता येईल?

उत्तर:

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि अपघाताच्या रुग्णांचे सीटी वाचण्यातच माझी बरीचशी नोकरी गेली, त्यामुळे स्कॅनच्या बाजूने सांगतो. पोट उघडायचं की नाही हे सर्जन आधी नाडी आणि रक्तदाब बघून ठरवतात. ग्रेडचा नंबर त्यानंतर येतो. ज्या रुग्णाचा रक्तदाब सलाइन आणि रक्त देऊनही टिकत नाही, त्याला सीटीच्या टेबलावर घेतच नाहीत. कॅज्युअल्टीतच सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवतात, रक्त दिसलं की थेट ओटीत नेतात. तुमच्या भावाचा स्कॅन झाला, रिपोर्ट टाइप झाला आणि तो वाचून तुम्ही प्रश्न विचारताय, म्हणजे पहिली चाळणी त्याने पार केली आहे.

पोटातल्या रक्ताची भीती वाटणं साहजिक आहे, म्हणून आधी तेच घेऊ. सीटीत दिसतं ते रक्त स्कॅनच्या आधीच सांडून गेलेलं असतं. प्लीहा, म्हणजेच स्प्लीन, फाटली की रक्त तिच्याभोवती जमतं, मग डाव्या कडेने ओघळत ओटीपोटात उतरतं. ‘मध्यम प्रमाण’ म्हणजे ते प्लीहेभोवती आणि यकृताभोवती तर आहेच, शिवाय एखाद्या कडेलाही दिसतंय. हे काढून टाकण्यासाठी कोणी पोट उघडत नाही. पोटाचं आतलं अस्तर ते दोन-तीन आठवड्यांत शोषून घेतं. सर्जनची काळजी वेगळी असते: गळती अजून चालू आहे का, आणि आज थांबलेली असली तरी उद्या पुन्हा सुरू होईल का. सीटी नीट काढलेला असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळतं. दुसऱ्याचं निम्मंच मिळतं, म्हणून आयसीयू.

आता ग्रेड. ही मोजपट्टी अमेरिकन ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेची, म्हणजे एएएसटीची. पहिल्यांदा ती 1989 साली आली, 1994 मध्ये सुधारली आणि मग 2018 मध्ये तिच्यात मोठा बदल झाला. पहिल्या तीन ग्रेड म्हणजे बहुतेक पट्टी लावून मोजण्याचं काम. प्लीहेतली चीर एक सेंटिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर ग्रेड वन, एक ते तीन सेंटिमीटर असेल तर टू, तीनपेक्षा जास्त असेल तर थ्री. चीर नसून आवरणाखाली रक्त साचलं असेल तर त्याने प्लीहेचा किती पृष्ठभाग व्यापलाय ते बघतात: दहा टक्क्यांच्या आत वन, पन्नासपर्यंत टू, त्यापुढे थ्री. म्हणजे तुमच्या भावाच्या प्लीहेत बहुधा तीन सेंटिमीटरहून खोल चीर आहे, किंवा आवरणाखाली साचलेल्या रक्ताची मोठी गाठ आहे. यकृताची पट्टी अशीच आहे, फक्त अवयव मोठा असल्यामुळे आतल्या गाठीला जास्त सूट मिळते. प्लीहेच्या गरातली गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत ग्रेड टूमध्ये बसते, यकृतातली दहापर्यंत.

चौथ्या ग्रेडपासून मात्र नुसती पट्टी पुरत नाही. प्लीहेचा पाव भागाहून जास्त तुकडा रक्तपुरवठ्यावाचून काळा पडला असेल तर ग्रेड फोर, हे जुनंच. 2018 मध्ये त्यात भर पडली ती रक्तवाहिनीच्या इजेची. चीर कितीही लहान असो, प्लीहेच्या आत रक्तवाहिनी फुटल्याची खूण दिसली की ग्रेड थेट फोर होते, आणि रक्त प्लीहेबाहेर पोटात उसळताना दिसलं की फाइव्ह. यकृतात हीच खूण आतल्या आत असेल तर ग्रेड थ्री आणि बाहेर पोटात गळत असेल तर फोर धरतात. यकृताचा एक लोब पाऊण भागाहून जास्त चिरडला असेल किंवा त्याच्या मागच्या मोठ्या शिरा फाटल्या असतील, तर ती त्याची ग्रेड फाइव्ह.

ही रक्तवाहिनीची खूण रिपोर्टातल्या बाकी सगळ्या ओळींपेक्षा महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. सीटीच्या वेळी हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्टचं, म्हणजे सीटीत पांढरं उजळणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देतात. ते आधी धमन्यांत पोहोचतं, साधारण तिसाव्या सेकंदाच्या आसपास. सत्तराव्या सेकंदाच्या सुमारास ते शिरांत आणि अवयवांच्या गरात पसरलेलं असतं. चांगल्या केंद्रात या दोन्ही वेळी फोटो घेतात, आणि काही संशयास्पद दिसलं तर चार-पाच मिनिटांनी तिसरा. आम्ही हे तिन्ही संच शेजारीशेजारी लावून एकच जागा तिन्हीत बघतो. समजा, धमनीच्या फोटोत प्लीहेत एक पांढरा ठिपका दिसला, महाधमनीइतकाच चमकणारा. तिसऱ्या फोटोत तो फिकट झाला आणि आकार तेवढाच राहिला, तर ते स्यूडोअ‍ॅन्युरिझम: धमनीची भिंत फाटली आहे, पण बाहेर पडलेलं रक्त भोवतालच्या गराने धरून ठेवलंय आणि त्या पोकळीतून ते ये-जा करतंय. याउलट तोच ठिपका तिसऱ्या फोटोपर्यंत पसरला, त्याच्या कडा विस्कटल्या, तर रक्त त्या क्षणीसुद्धा गळत होतं.

यातली अडचण अशी की लहान स्यूडोअ‍ॅन्युरिझम पुष्कळदा फक्त धमनीच्या फोटोतच दिसतो. सत्तराव्या सेकंदाला भोवतालचा गरही उजळलेला असतो, त्यात ठिपका हरवून जातो. आणि लहान गावातल्या सेंटरमध्ये बऱ्याचदा तेवढा एकच फोटो घेतलेला असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रात्री दोन वाजता एक टेक्निशियन, हाताला बारीक सुई, बाहेर नातेवाइकांची गर्दी, अशा वेळी एक संच नीट मिळाला तरी पुष्कळ. पण अशा स्कॅनवर ‘ग्रेड थ्री’ लिहिलं असेल तर मी त्याचा अर्थ ‘निदान थ्री’ असा लावतो.

उलटीही चूक होते. फक्त धमनीचाच फोटो बघितला तर निरोगी प्लीहासुद्धा पट्ट्यापट्ट्यांची दिसते, कारण तिच्या गरातून रक्त वेगवेगळ्या वेगाने वाहतं. नवशिका माणूस त्या पट्ट्यांना चिरा म्हणून मोकळा होतो. काहींच्या प्लीहेला जन्मतःच खाच असते. तिच्या कडा गोलसर, गुळगुळीत असतात आणि भोवती रक्त नसतं. ताजी चीर वेडीवाकडी असते आणि तिच्याजवळ गोठलेल्या रक्ताचा दाट गोळा सापडतो. पोटात इतरत्र पातळ रक्त असेल तर सर्वांत दाट गोळा जिथे आहे, तिथेच रक्ताचा उगम समजायचा. तरीही टू की थ्री यावर दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टांत मतभेद होतातच. चीर तिरकी असते, तिची खोली कुठून कुठपर्यंत मोजायची हा थोडा ज्याच्या त्याच्या हाताचा भाग आहे. एका आकड्याच्या फरकाने झोप उडवून घेऊ नका. ठिपका आहे की नाही, हे मात्र जरूर विचारा.

एक केस सांगतो. तिशीच्या आतला तरुण, दुचाकी घसरून डाव्या कुशीवर पडलेला. तालुक्याच्या ठिकाणी स्कॅन झाला, तो एकाच फोटोचा. डावीकडची दहावी आणि अकरावी बरगडी मोडलेली, प्लीहेत चार सेंटिमीटर खोल चीर, यकृताच्या उजव्या भागात दोन सेंटिमीटरची, ओटीपोटात रक्त. रिपोर्ट जवळजवळ तुमच्या भावासारखाच: थ्री आणि टू. आमच्याकडे आला तेव्हा नाडी 108 आणि रक्तदाब 104 बाय 70 होता. एक लिटर सलाइननंतर नाडी 92 वर आली, रक्तदाब 116 झाला आणि पुढचे सहा तास तसाच राहिला. हिमोग्लोबिन आल्यावर 12.6 होतं. सहा तासांनी 10.9, बारा तासांनी 10.1, दुसऱ्या दिवशी सकाळी 9.8.

या आकड्यांनी घरचे घाबरले. वडिलांचं म्हणणं एकच: रोज रक्त कमी होतंय आणि तुम्ही काहीच करत नाही. त्यांचं चुकत नव्हतं, पण यातली काही घट सलाइनमुळे असते. अंगातलं रक्त पातळ झालं की आकडा उतरतोच. आमचं लक्ष उताराच्या वेगावर होतं. पहिल्या सहा तासांत पावणेदोनने पडलेला आकडा नंतर पाऊण आणि मग जेमतेम पाव ग्रॅमने पडला, आणि सलाइननंतरच्या या सगळ्या काळात नाडी पुन्हा चढली नाही. हे थांबत आलेल्या रक्तस्रावाचं चित्र आहे. हिमोग्लोबिन उतरत असताना नाडी चढत गेली असती, तर सर्जनने त्या रात्रीच वेगळा निर्णय घेतला असता.

तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आमच्याकडे पुन्हा सीटी केला, या वेळी धमनीच्या फोटोसकट. चीर तशीच होती, पोटातलं रक्त थोडं कमी झालेलं. पण चिरेच्या तळाशी आठ मिलिमीटरचा गोल ठिपका होता. दुसऱ्या संचात तो मुश्किलीने शोधावा लागत होता आणि तिसऱ्यात दिसेनासा झाला. म्हणजे स्यूडोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे ग्रेड फोर. तो पहिल्या दिवशी होता आणि दिसला नाही, की नंतर तयार झाला, हे आता सांगणं शक्य नाही. दोन्ही होतं. सुरुवातीला फाटलेल्या भिंतीवर गुठळी बसलेली असते. ती विरघळायला लागली की पोकळी उघडी पडते. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी पुन्हा सीटी करण्याचा सल्ला मोठ्या इजांसाठी देतात तो याच कारणाने. रुग्ण तेव्हा छान असतो, चहा मागत असतो, आणि नातेवाइकांना वाटतं की हॉस्पिटल उगाच बिल वाढवतंय.

ऑपरेशन तेव्हाही झालं नाही. मांडीच्या धमनीतून बारीक नळी प्लीहेच्या धमनीपर्यंत नेली आणि तिथे कॉइल, म्हणजे धातूच्या बारीक तारेचं वेटोळं, सोडून धमनी बंद केली. याला एम्बोलायझेशन म्हणतात, रुग्ण जागाच असतो. मुख्य धमनी बंद केल्यावर प्लीहा मरत का नाही, हे सगळेच विचारतात. जठराच्या आणि स्वादुपिंडाच्या बाजूने तिला छोट्या धमन्या येतात, त्यांच्यावर ती जगते. पण मुख्य धमनीचा जोर गेल्यामुळे आतला दाब उतरतो आणि फाटलेल्या जागी गुठळी टिकायला वेळ मिळतो. नळी अगदी ठिपक्यापर्यंत नेऊन तेवढीच फांदी बंद करता येते, मात्र त्या फांदीवर जगणारा प्लीहेचा तुकडा मरतो आणि काही दिवस ताप-दुखणं राहतं. या रुग्णाला मुख्य धमनीतच कॉइल टाकली. हिमोग्लोबिन 9.5 च्या आसपास स्थिरावलं, रक्ताची एकही पिशवी लागली नाही आणि चार दिवसांनी तो घरी गेला.

आता प्लीहा वाचवण्याचा एवढा आटापिटा का? पन्नासेक वर्षांपूर्वीपर्यंत फाटलेली प्लीहा दिसली की काढून टाकायची, हीच रीत होती. तिच्याशिवाय माणूस जगतो, मग धोका कशाला पत्करायचा? 1952 साली किंग आणि शूमाकर या सर्जनांनी, तान्हेपणी प्लीहा काढलेल्या बाळांना नंतर भयंकर जंतुसंसर्ग झाल्याचं नोंदवलं, तेव्हा पहिल्यांदा शंका आली. न्यूमोकोकससारख्या जाड आवरणाच्या जिवाणूंना रक्तातून गाळून काढण्याचं काम मुख्यत्वे प्लीहाच करते. ती नसलेल्या माणसाला सकाळी साधा ताप येतो आणि एक-दोन दिवसांत तो दगावूही शकतो. असं क्वचित होतं, पण हा धोका जन्मभराचा असतो. आपल्याकडे मलेरियाचाही विचार करावा लागतो, कारण मलेरियाची लागण झालेल्या लाल पेशी वेचून काढण्यात प्लीहेचा मोठा वाटा असतो.

ऑपरेशन न करता प्लीहा बरी होते, हे आधी मुलांत दिसलं. टोरांटोतल्या मुलांच्या रुग्णालयातल्या अनुभवावर उपाध्याय आणि सिम्पसन यांचा 1968 सालचा लेख यातला मैलाचा दगड मानतात. मुलांच्या प्लीहेचं आवरण वयाच्या मानाने जाड आणि चिवट असतं. शिवाय प्लीहेतल्या धमन्या आडव्या वाटण्यांनी विभागलेल्या असतात, त्यामुळे आडवी चीर पुष्कळदा दोन वाटण्यांच्या मधून जाते आणि मोठी धमनी वाचते. मोठ्यांत हे तितक्या खात्रीने घडत नाही, म्हणून मोठ्यांवर हा उपचार उशिरा रुजला. सीटी गावोगावी पोहोचला नसता तर रुजलाच नसता, कारण पोट न उघडता आत काय आहे हे बघायची सोयच नव्हती.

यकृताची गोष्ट निराळी आहे आणि थोडी सोपीही. यकृताला येणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येतं, आणि तिच्यात दाब धमनीच्या मानाने फारच कमी असतो. यकृताच्या चिरेतून वाहणारं बहुतेक रक्त असं कमी दाबाचं असतं. भोवतालच्या गराचा, जमलेल्या रक्ताचा आणि पोटाच्या भिंतीचा दाब त्याला रोखायला पुरतो. जुन्या काळात सर्जन मुक्या माराच्या रुग्णाचं पोट उघडायचे, तेव्हा वारंवार असं दिसायचं की यकृतातून रक्त येणं आधीच थांबलंय आणि करण्यासारखं काही उरलेलं नाही. उलट, पोट उघडलं की तो दाब जातो आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. यकृताच्या मागच्या मोठ्या शिरेच्या फाटीत तर सर्जन यकृत उचलून बघायलाही कचरतात. तुमच्या भावाच्या ग्रेड टूची मला प्लीहेपेक्षा बरीच कमी काळजी वाटते.

मात्र यकृत उशिरा त्रास देतं. पित्तनलिका फाटली असेल तर पित्त झिरपून साचतं आणि आठवड्याभराने ताप, दुखणं, कधी कावीळ होते. सोनोग्राफीखाली नळी घालून ते काढता येतं. क्वचित यकृतातला स्यूडोअ‍ॅन्युरिझम पित्तनलिकेत फुटतो. मग उजव्या बरगडीखाली कळा, कावीळ आणि काळी शी किंवा रक्ताची उलटी, असं एकत्र दिसतं. अपघाताला दोन-तीन आठवडे झाल्यावर असं झालं तर कुणाला अपघात आठवतही नाही, सगळे अ‍ॅसिडिटीची औषधं देत बसतात. तुम्ही सांगायला विसरू नका.

‘नुसतं बघणं’ या शब्दांनी अन्याय होतो. बघायलाही तयारी लागते: तासातासाला नाडी-रक्तदाब, पहिला दिवस दर सहा तासांनी हिमोग्लोबिन, रक्ताच्या पिशव्या क्रॉसमॅच करून तयार, आणि मध्यरात्री अर्ध्या तासात ओटी उघडू शकेल असा सर्जन आणि भूलतज्ज्ञ. यातलं काही नसेल तर ग्रेड टूसुद्धा तिथे ठेवू नये, स्थिर असतानाच पुढे पाठवावं. एम्बोलायझेशन करणारे लोक महाराष्ट्रात मोठ्या शहरांतच एकवटलेत. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रेड फोरची प्लीहा असेल, एम्बोलायझेशनची सोय नसेल आणि रुग्ण दर काही तासांनी ढासळत असेल, तर तिथला सर्जन प्लीहा काढतो, आणि ते योग्यच आहे. पुस्तकातला उपचार हाताशी आहे असं धरून रुग्णाला चार तास अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हा उपचार कधी फसतो याचे आकडेही उपलब्ध आहेत. 2000 साली अमेरिकेतल्या 27 ट्रॉमा केंद्रांनी प्लीहेला मुका मार लागलेल्या 1488 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशनविना ठेवलेल्यांपैकी ग्रेड वनमध्ये सुमारे 5 टक्के जणांना नंतर ऑपरेशन लागलं, टूमध्ये साडेनऊ, थ्रीमध्ये जवळपास 20, फोरमध्ये 33 आणि फाइव्हमध्ये 75 टक्के. फसलेल्यांपैकी सुमारे साठ टक्के पहिल्या चोवीस तासांतच फसले. तेव्हा एम्बोलायझेशन आजच्यासारखं सर्रास होत नव्हतं, त्यामुळे आज चांगल्या केंद्रात थ्री आणि फोरचं चित्र याहून बरं आहे. तरी ग्रेड कशासाठी वापरायची ते या आकड्यांतून कळतं: रुग्णाला वॉर्डात ठेवायचं की आयसीयूत, किती दिवस, आणि पुन्हा स्कॅन करायचा की नाही. तुमच्या भावाच्या अपघाताला दोन दिवस होत आले आणि तो स्थिर असेल, तर सर्वांत धोक्याचा काळ मागे पडलाय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, वय जास्त असेल किंवा डोक्यालाही मार असेल, तर हेच गणित बिघडतं. मेंदूला मार लागलेल्या माणसाचा रक्तदाब थोडा वेळ उतरलेलाही परवडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सीटीत सहज निसटते. ज्या धक्क्याने प्लीहा फाटली, त्याने आतडंही फाटलेलं असू शकतं, आणि पहिल्या काही तासांत त्याच्या खुणा फार पुसट असतात. पोटात पाणी दिसलं की ते प्लीहेचंच रक्त असेल, असं आपण धरून चालतो. म्हणून सर्जन रोज पोट दाबून बघतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, पोट फळीसारखं कडक लागायला लागलं, नाडी आणि ताप चढला, तर ग्रेड काहीही असो, पोट उघडावंच लागतं. भाऊ झोपेतून उठवून तपासतात म्हणून वैतागला असेल तर त्याला समजावा. आणि दुखतंय म्हणून बाहेरून स्वतःच्या मनाने गोळी देऊ नका, डिक्लोफेनॅक-ब्रुफेन तर मुळीच नको.

तेव्हा उद्या राउंडला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. स्कॅन धमनीच्या फोटोसकट झालाय का, आणि त्यात रक्तवाहिनीची इजा दिसली का? पुन्हा सीटी कधी करायचं ठरलंय? आणि गरज पडली तर एम्बोलायझेशन इथेच होईल की पाठवावं लागेल? तिसऱ्याचं उत्तर ‘पाठवावं लागेल’ असं असेल तर कुठे आणि कसं, हे रात्री धावपळीत ठरवण्यापेक्षा दिवसाच ठरवून ठेवा.

घरी जायचं म्हणाल, तर ग्रेड थ्रीला सगळं सुरळीत असेल तर साधारण चार-पाच ते सात दिवस लागतात. घरी गेल्यावर चालणं-फिरणं, जिना, अंघोळ सगळं चालतं. पलंगाला खिळून राहण्याने प्लीहा लवकर भरते असं दिसलेलं नाही. दुचाकी, जड उचलणं, कबड्डी-क्रिकेट मात्र सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. मोठ्या माणसांना बहुतेक जण सहा आठवडे ते तीन महिने सांगतात. कॉइल टाकावी लागली आणि प्लीहा जागेवर राहिली, तर लसी घ्यायच्या की नाही हे तिचा किती भाग शाबूत आहे त्यावर सर्जन सांगतील. प्लीहा काढावी लागलीच, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब अशा तिन्ही लसी ऑपरेशननंतर साधारण चौदा दिवसांनी द्यायच्या असतात. परत येण्याची खात्री नसेल तर डिस्चार्जच्या आधीच देतात.

तुमचं गाव लांब असेल आणि जवळ ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल नसेल, तर डिस्चार्जनंतरचे पहिले दोन आठवडे शहरात कुणा नातेवाइकाकडे काढा. उशिरा होणारे बहुतेक रक्तस्राव याच काळात होतात. डाव्या खांद्यात अचानक दुखू लागलं, भोवळ आली, घाम फुटला, पोट फुगलं, तर वाट न बघता 108 ला फोन करा. स्कॅनची सीडी सोबत ठेवा. नुसत्या छापील रिपोर्टावर भागवू नका, कारण पुढच्या रेडिओलॉजिस्टला जुने फोटो नव्याशेजारी लावून बघायचे असतात.